आठवी ब चा वाचन तास आणि कपाटाचं कुलूप

पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूची एक सेमी-इंग्रजी शाळा, त्यातला आठवी ब हा ५२ मुलांचा वर्ग. मी तिथे अर्धवेळ ग्रंथपाल आहे. हे सगळं जून ते फेब्रुवारी या काळात घडलं. सविस्तर लिहितेय कारण "मोबाईलमुळे मुलं वाचत नाहीत" हे वाक्य स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं आणि या वर्गात जे दिसलं ते त्या वाक्यात बसत नाही.

कागदावर आमच्याकडे सगळं छान होतं. दर शनिवारी ३५ मिनिटांचा वाचन तास, प्रत्येक मुलाची एक पुस्तक परीक्षण वही, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचं प्रदर्शन, फोटो, सगळं. वहीत दर आठवड्याला एक पान भरायचं : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, किंमत, सारांश, तात्पर्य. आदल्या वर्षीच्या सातवीच्या वह्या मी उन्हाळ्यात चाळल्या तर कित्येक मुलांच्या वहीत वीस-पंचवीस पुस्तकांची नावं होती, आणि माझ्या देवघेव रजिस्टरमध्ये त्याच मुलांच्या नावावर वर्षभरात दोन किंवा तीन. मग बाकीची आली कुठून? सारांश वाचले की लगेच कळतं, मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला, आणि एकाच बाकावरच्या तिघांच्या वहीत एकच सारांश, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. जी पुस्तकं खरोखर नेली होती ती जवळजवळ सगळी ४८ पानांच्या आतली. मुलांचं गणित अगदी सरळ होतं, पान भरायचंय ना, मग सगळ्यात पातळ पुस्तक घ्या. यात मुलांची लबाडी मला दिसत नाही. त्यांना जे काम दिलं होतं ते त्यांनी कमीत कमी वेळात पूर्ण केलं, आणि ते काम वाचनाचं नव्हतं, वही भरायचं होतं.

जूनमध्ये वर्गशिक्षिका आणि मी मिळून एक साधी गोष्ट केली. चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहायचं नाही, प्रश्न एकच : गेल्या महिन्यात अभ्यासाचं नसलेलं काय काय वाचलंस, फोनवरचं पण चालेल. वर्गशिक्षिकांना वाटलं होतं निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या येतील. कोऱ्या आल्या सहा. बाकीच्यांत मांगा होती, म्हणजे जपानी कॉमिक्स, तीही इंग्रजीत आणि पार शेकडो भागांची, प्रतिलिपी अ‍ॅपवरच्या भुताच्या मालिका होत्या, क्रिकेटपटूंची माहिती, गेमचे लेव्हल कसे पार करायचे त्याची लांबलचक पानं, वॉटपॅडवरच्या प्रेमकथा. एका चिठ्ठीत लिहिलं होतं "९० भाग झाले अजून संपली नाही, रात्री चादरीत वाचते". आता नव्वद भाग वाचणाऱ्या मुलीला एका जागी लक्ष लागत नाही असं कसं म्हणणार?

म्हणजे फोनचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाहीये. मुलांशी नंतर बोलताना कळलं की संध्याकाळी क्लासवरून आल्यावर जो तास-दीड तास मोकळा असतो तो बहुतेकांचा रील्समध्येच जातो, आणि जाडसर कादंबरीत शिरायला पहिली पंधरा-वीस मिनिटं सलग लागतात ती मिळतच नाहीत, मध्ये मेसेज येतोच. पण फोनवरच्या त्या गोष्टींना तीन गोष्टी मिळतात ज्या आमच्या पुस्तकांना शाळेत मिळत नव्हत्या. मुलगा स्वतः निवडतो, पुढचा भाग लगेच हाताशी असतो, आणि वाचून झाल्यावर कोणी तात्पर्य विचारत नाही. या तिन्ही गोष्टी शाळेत आणता येतात का, एवढाच आमचा प्रयोग.

पहिली अडचण कपाटाची. आमच्याकडे दाखल नोंदवहीत ३,४०० च्या आसपास पुस्तकं, सगळी स्टीलच्या कपाटांत, कपाटांना कुलूप आणि किल्ली माझ्याकडे, आणि मी अर्ध्या दिवसाची. मुलांना पुस्तक दिसायचं ते काचेतून, तेही फक्त कणा. हे कुलूप कोणाच्या दुष्टपणाने लागलेलं नाही. पुस्तक हरवलं की वार्षिक पडताळणीत ते ग्रंथपालाच्या नावावर निघतं, खुलासा द्यावा लागतो, काही ठिकाणी तर पगारातून भरपाई. मग कुठलाही ग्रंथपाल काय करेल, पुस्तक बाहेर जाऊच देणार नाही. नोंदवही शंभर टक्के जुळते आणि पुस्तकं कोरीकरकरीत राहतात. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच "पुस्तकं वापरासाठी आहेत" असा आहे, तो आम्ही परीक्षेत लिहून पास झालो आणि नोकरीत उलटं करतो.

मुख्याध्यापकांशी बोलताना एका सरकारी नियमाने मदत केली. केंद्र सरकारचे जनरल फायनान्शियल रूल्स २०१७, त्यातला नियम २१५ सांगतो की वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली तर ते वाजवी समजावं, अट अशी की त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हा नियम आमच्या शाळेला थेट लागू नाही, तो केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, पण "सरकार पण मान्य करतं की वापरलं की थोडं हरवणारच" हे छापील दाखवता आलं. सरांनी वाचला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मॅडम, मला एका कागदावर लिहून द्या, मी सही करतो. पण फक्त एका वर्गापुरतं." म्हणून आठवी ब. माझ्यासारख्या ज्या कोणाला हे करायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं की ही सही आधी घ्या, बाकी सगळं नंतर, कारण पहिलं पुस्तक हरवलं की सगळे तुमच्याकडेच बघणार आहेत.

आता कपाटात होतं काय? देणगीत आलेले संच, सुविचार संग्रह, थोरांची चरित्रं (एकाच थोराची चार चार), स्पर्धा परीक्षा, आणि बालवाङ्मय म्हणून जे होतं ते आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठीचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हातात धरायला लाज वाटेल असं मुखपृष्ठ. या वयाचा मधला टप्पा मराठीत विरळच आहे, त्यामुळे पुस्तकं शोधावी लागतात, आपोआप मिळत नाहीत. मी कपाटातून साठेक निवडली, नारायण धारपांच्या भयकथा, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, नारळीकरांच्या विज्ञानकथा, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. उरलेल्यांसाठी पालक-शिक्षक संघाने १०,००० रुपये दिले आणि ते खर्च करायला आम्ही मुलांनाच नेलं, वर्गातली सहा जणं, त्यातली दोन मुद्दाम न वाचणारी, एका शनिवारी दुपारी अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत. अट दोनच, एका पुस्तकाची किंमत अडीचशेच्या वर नको आणि वर्गातल्या कोणीतरी वाचेल असं वाटलं पाहिजे. साधारण ७० पुस्तकं झाली. मी एकटीने निवडली असती तर त्यातली निम्मी घेतली नसती, त्यात किल्ल्यांवरची तीन, कबड्डीचं एक, प्राण्यांच्या विषावरचं एक जाडजूड, इंग्रजी कॉमिक्स बरीच. वर्षाअखेर सगळ्यात खिळखिळं झालेलं पुस्तक विषाचंच.

ही १३० पुस्तकं दोन प्लॅस्टिकच्या भाजीच्या क्रेटमध्ये वर्गातच ठेवली, मुखपृष्ठ समोर येईल अशी. देवघेव मुलांकडे, एक फुलस्केप वही दोरीने क्रेटला बांधलेली, नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, बस. पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात परत ठेवायचं, कोणी विचारणार नाही.

वहीचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. मराठीच्या शिक्षिकांना अंतर्गत गुणांसाठी काहीतरी लेखी लागतंच, त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेवटी असं ठरलं की परीक्षण वर्षातून दोनदाच, प्रत्येक सत्रात एक, पुस्तक मुलाने निवडायचं, आणि वाचनाच्या वेळेशी त्याचा संबंध नाही. दर आठवड्याचं पान बंद.

वेळ पण बदलली. आठवड्यातून एकदा ३५ मिनिटं म्हणजे मधल्या सात दिवसांत गोष्ट विसरून जाते, दर शनिवारी पहिल्यापासून सुरुवात. त्याऐवजी सोमवार ते गुरुवार, मधल्या सुट्टीनंतर लगेच १५ मिनिटं. सकाळी परिपाठानंतर ठेवून बघितलं होतं पण परिपाठ लांबतो, उशिरा येणारे असतात, वाचन त्यात खाल्लं जातं. सुट्टीनंतरचा तास दोन जणांचा होता, गणिताच्या सरांचा आणि मराठीच्या शिक्षिकांचा, आणि इथे एक फार महत्त्वाची गोष्ट दिसली. गणिताचे सर स्वतः पुस्तक घेऊन बसायचे, गडकिल्ल्यांचं. त्यांच्या दिवशी वर्ग लवकर शांत व्हायचा. दुसऱ्या दिवशी मॅडम त्याच वेळात वह्या तपासायच्या (त्यांना कामाचा डोंगर आहे, मान्य), आणि मुलं लगेच ओळखायची की ही खरी वाचनाची वेळ नाही, मोठ्यांना मोकळा वेळ मिळावा म्हणून आपल्याला गप्प बसवलंय. ऑगस्टमध्ये मॅडमनी वह्या बाजूला ठेवल्या आणि फरक त्याच आठवड्यात दिसला.

पहिले दोन आठवडे मात्र गोंधळ. पुस्तक उघडं आणि नजर खिडकीबाहेर, किंवा दर दोन मिनिटांनी उठून क्रेटपाशी. खरं वाचन चाललंय का हे ओळखायला प्रश्न विचारायची गरज नसते, बघत राहिलं की कळतं. पान ठरावीक वेळाने उलटतं का. कालचंच पुस्तक आज हातात आहे का. घंटा वाजल्यावर मूल पुस्तक पटकन मिटतं की एक वाक्य पूर्ण करून मिटतं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे "मॅडम, याचा पुढचा भाग आहे का?" हा प्रश्न. हा प्रश्न न वाचता विचारता येत नाही.

तो प्रश्न पहिल्यांदा आला तो पुस्तक-गप्पांमुळे. दर सोमवारी मी वर्गात जाऊन तीन-चार मिनिटं एका पुस्तकाबद्दल बोलायचे. लेखकाचा जन्म, पुरस्कार, वाचनाचं महत्त्व, यातलं काही नाही. थेट एक पान मोठ्याने वाचायचं, अशा जागेवरचं की जिथे काहीतरी घडणारच आहे, आणि तिथे थांबायचं. धारपांची कथा वाचली त्या दिवशी तीन पोरं माझ्या मागे लायब्ररीपर्यंत आली. फास्टर फेणेची भाषा आणि काळ जुना, मुलांना चिकटेल का शंका होती, पण फास्टर फेणे म्हणजे बन्या फुरसुंगीचा आहे म्हटल्यावर मागच्या बाकावरून "माझी आत्या राहते तिथे" असं आलं आणि पुस्तक तिथूनच सुरू झालं. एका लेखकाची किंवा मालिकेची पाच-सहा पुस्तकं एकत्र असणं किती कामाचं आहे ते तेव्हा कळलं, कारण पहिलं संपल्यावर "आता काय वाचू" हा प्रश्न उरत नाही, आणि बरीच मुलं नेमकी त्याच प्रश्नापाशी गळतात.

एका मुलाबद्दल थोडं जास्त लिहिते. पहिल्या महिन्यात देवघेव वहीत त्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा. रोज नवीन पुस्तक, दुसऱ्या दिवशी परत. वर्गशिक्षिका खूश होत्या, मला मात्र खटकत होतं कारण इतक्या वेगाने कोणी वाचत नाही. त्याला एकदा लायब्ररीत बोलावलं, एकटाच, दार लावून, आणि म्हटलं हे पान मला वाचून दाखव, चुकलं तरी चालेल. मुलगा अडखळत होता, जोडाक्षर आलं की थांबायचा, शब्दाच्या सुरुवातीवरून पुढचा अंदाज करायचा, वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरलेली. त्याला वाचनाची आवड नाही असं सगळे म्हणत होते आणि खरी गोष्ट अशी होती की त्याला वाचायला इतकी मेहनत पडत होती की मजा यायला जागाच नव्हती. वर्गात असे सात जण निघाले. आठवीपर्यंत हे झाकून राहतं कारण फळ्यावरचं उतरवून घेता येतं आणि गाईडमधून पाठ करता येतं.

या सात जणांसाठी "आवडेल ते वाच" पुरेसं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यांच्यासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. मोठ्या अक्षरातली, चित्रं असलेली पण विषयाने लहान मुलांची नसलेली पुस्तकं वेगळी शोधली. आणि ऐकत वाचणं, म्हणजे कथा मीच फोनवर रेकॉर्ड केली आणि मूल कानाला हेडफोन लावून ऐकता ऐकता पुस्तकात बोट फिरवतं, तीच कथा दोन-तीन दिवस. अडलेल्या शब्दांचा अंदाज घ्यायला एक जुनी युक्ती आहे, एका पानावर अडलेल्या शब्दाला एक बोट दुमडायचं, पाची बोटं दुमडली तर पुस्तक सध्या जड आहे, दुसरं घे. मुलाने हे स्वतःचं स्वतः करायचं, कोणाला दिसत पण नाही. तो पहिला मुलगा दिवाळीनंतर एक ६४ पानी किल्ल्याचं पुस्तक नऊ दिवस ठेवून मग परत घेऊन आला. वर्गशिक्षिकांना वाटलं त्याचं वाचन कमी झालंय!

सप्टेंबरमध्ये एका पालकांनी चांगल्या मनाने सुचवलं की महिन्यात सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला प्रमाणपत्र आणि गिफ्ट व्हाउचर देऊ, ते स्वतः खर्च करतील. मी आठवी ब साठी नको म्हटलं. १९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे, चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना "काढलंस तर बक्षीस" असं आधी सांगितलं, आणि नंतर बक्षीस नसताना तीच मुलं पूर्वीपेक्षा कमी वेळ चित्रं काढायला लागली. ज्यांना बक्षिसाची कल्पना आधी नव्हती त्यांच्यात तसं झालं नाही. आता तो प्रयोग लहान मुलांचा आणि चित्रांचा आहे, आठवीच्या वाचनाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, पण आमच्या परीक्षण वहीने आधीच दाखवलं होतं की मोजायला लागलं की पातळ पुस्तकं उचलली जातात. ते पैसे शेवटी पुस्तकांसाठीच मिळाले.

घरून विरोध पण झाला. चादरीत वाचणारी ती मुलगी नंतर स्वतःहून भेटली. तिला मालिकेसारखी लांब गोष्ट हवी होती, म्हणून जाड कादंबऱ्या दिल्या, त्या तिने भराभर संपवल्या, आणि घटक चाचणीत गणितात मार्क कमी आल्यावर आई शाळेत आल्या. "मॅडम, वाचायचंच असेल तर अभ्यासाचं वाच म्हणावं तिला, हे गोष्टीचं सुट्टीत." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मुलीने समोरच सांगितलं की आई, आधी मी रात्री फोनवर वाचायचे तेव्हा तुला कळायचं नाही, आता पुस्तक आहे म्हणून दिसतंय. झोपायच्या आधी अर्धा तास पुस्तक आणि फोन हॉलमध्ये, असं तिघींचं ठरलं. गणितासाठी तिने वेगळी मेहनत घेतली, त्याचं श्रेय वाचनाला द्यायचं कारण नाही.

फेब्रुवारीअखेरचा हिशोब असा. देवघेव वहीत ६४० नोंदी. मात्र दुसऱ्या दिवशी परत आलेली पुस्तकं वजा केली तर साधारण ४०० उरतात, आणि मी तोच आकडा खरा धरते. नऊ पुस्तकं हरवली, पाच नंतर कोणाच्या तरी दप्तरातून, बाकाखालून निघाली, चार गेलीच. म्हणजे सगळ्या ६४० नोंदी धरल्या तरी हजारी सहाच्या वर, त्या सरकारी नियमापेक्षा किंचित जास्त, आणि चारही मुलांना प्रिय असलेली पुस्तकं होती. मुख्याध्यापकांना हे लेखी दिलं. ५२ पैकी साधारण २० मुलं आता शाळेच्या वेळेबाहेर स्वतःहून वाचतात, वीसेक फक्त त्या १५ मिनिटांत वाचतात पण खरंच वाचतात, आणि दहा-बाराजणांच्यात फारसा फरक पडला नाही, त्यात सातपैकी तिघं अडखळणारे आहेत ज्यांना रोज वेगळा वेळ द्यायला हवा आणि तो माझ्या अर्ध्या दिवसात बसत नाही. मार्क वाढले का असं सगळे विचारतात. आम्ही ते मोजलं नाही, आणि एका वर्षात एका वर्गावरून ते सांगता पण येणार नाही.

वेळ कुठे निसटते तेही दिसलं. गणपतीच्या सुट्टीनंतर आणि सहामाहीनंतर दोन्ही वेळा सवय मोडली, पुन्हा बसायला आठवडा गेला. जानेवारीत स्कॉलरशिपची तयारी आली आणि १५ मिनिटं जादा तासाला दिली गेली, तेव्हा मुलांनीच वर्गशिक्षिकांकडे तक्रार केली, पण तास काही परत मिळाला नाही, फेब्रुवारीत परीक्षा झाल्यावरच मिळाला.

जूनमध्ये हा वर्ग नववीत जाईल. क्रेट मुलांबरोबर वर जातील हे मुख्याध्यापकांनी मान्य केलंय, वाचन मात्र आठवड्यातून चार दिवसांऐवजी तीन दिवस. नवीन आठवीसाठी वेगळे क्रेट लागतील, त्याचे पैसे अजून उभे करायचेत. सातवीच्या दोन्ही वर्गांत प्रत्येकाकडून एकेक पान ऐकून घ्यायचं काम मी मार्चमध्येच सुरू करतेय, म्हणजे अडखळणारी मुलं जूनच्या आधी कळतील आणि त्यांची पुस्तकं खरेदीच्या यादीत पहिल्यापासून असतील.